कॅप राऊंडचा पसंतीक्रम: इंजिनिअरिंगला नंबर कसा लागतो, हे पालकांना समजावून

सीईटीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो: "एवढ्या पर्सेंटाईलला काय मिळेल?" नातेवाईक, क्लासवाले, नेट कॅफेवाला, शेजारच्या मुलीचे वडील, सगळे आपापल्या परीने उत्तर देतात. खरं तर पर्सेंटाईल हातात आल्यावर त्यात काही बदल होणार नसतो. आपल्या हातात उरते ती एकच गोष्ट, ऑप्शन फॉर्म. कॉलेज आणि शाखांची पसंतीक्रमाने लावलेली ती यादी. माझ्या मुलीच्या प्रवेशाच्या वेळी हे सगळं जवळून पाहिलं आणि त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच पालकांसोबत बसून याद्या लावल्या. भीतीपोटी चुकीच्या क्रमाने लावलेली यादी चांगल्या मार्कांच्या मुलालाही मागे टाकते, हे त्यात वारंवार दिसलं.

हा लेख राज्य सीईटी सेलच्या इंजिनिअरिंग प्रवेशाबद्दल, म्हणजे कॅपबद्दल आहे. राऊंडचे नियम 2025-26 च्या प्रक्रियेप्रमाणे दिले आहेत. नियमांत दरवर्षी थोडा बदल होतो, म्हणून cetcell.mahacet.org वरची त्या वर्षीची माहिती पुस्तिका डाउनलोड करून राऊंडचे नियम असलेली पानं स्वतः वाचा. ती पानं फार नसतात.

## 1. आधी कागद, मग बाकी सगळं

कागदपत्रांवर फार लिहीत नाही, पण इथे अडकलेला मुलगा पुढे यादी कितीही चांगली लावली तरी अडकलेलाच राहतो. हे जवळ ठेवा:

- सीईटीचे स्कोअरकार्ड, दहावी आणि बारावीची गुणपत्रिका, बारावीच्या कॉलेजचा टीसी
- अधिवास आणि राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र
- प्रवर्ग असेल तर जातीचे प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र
- ओबीसी, एसईबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी यांच्यासाठी चालू असलेले नॉन क्रिमीलेअर
- ईडब्ल्यूएस असेल तर राज्याच्या नमुन्यातले ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र
- फी सवलतीसाठी तहसीलचे उत्पन्न प्रमाणपत्र
- आधार आणि आधारशी जोडलेले मुलाच्या नावचे बँक खाते

दोन कागद सगळ्यात जास्त त्रास देतात. पहिला नॉन क्रिमीलेअर. ते प्रवेशाच्या वर्षातल्या 31 मार्चपर्यंत वैध असावे लागते, म्हणजे 2025-26 च्या प्रवेशासाठी 31 मार्च 2026 पर्यंत. दोन वर्षांपूर्वी काढलेले फाइलमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्यावरची वैधतेची तारीख बघा. दुसरा कागद जात वैधता. अर्ज केल्याच्या पावतीवर सुरुवातीला फॉर्म भरता येतो, पण मूळ प्रमाणपत्र दिलेल्या मुदतीत जमा झाले नाही तर प्रवर्गाचा दावा जातो आणि मूल ओपनमध्ये मोजले जाते. पडताळणी समितीकडे प्रकरण अकरावीतच टाका. बारावीच्या मे-जूनमध्ये तिथे सगळा जिल्हा उभा असतो.

आणखी एक काळजी. नोंदणी करताना मोबाईल नंबर आणि ईमेल आपलाच द्या. गावाकडे नेट कॅफेवाले घाई असते म्हणून स्वतःचा नंबर टाकून देतात. मग राऊंडच्या शेवटच्या संध्याकाळी ओटीपी त्यांच्या फोनवर जातो, ते लग्नाला गेलेले असतात आणि इकडे यादी कन्फर्म करायची राहून जाते. युजर आयडी आणि पासवर्ड वहीत लिहून घरी ठेवा. फॉर्म बाहेरून भरून घेतला तरी चालेल, चावी आपल्याकडे पाहिजे.

## 2. मेरिट नंबर म्हणजे नेमकं काय

पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत. 92 पर्सेंटाईल म्हणजे परीक्षा दिलेल्या शंभरातली साधारण 92 मुलं आपल्या मागे किंवा बरोबरीला आहेत. हे आकडे दशांशानंतर बरेच स्थान काढलेले असतात, त्यामुळे दिसायला किरकोळ फरक असला तरी मेरिट नंबर शेकड्यांनी मागे-पुढे होतो.

नोंदणी आणि कागदांची तपासणी झाली की आधी तात्पुरती गुणवत्ता यादी लागते, मग हरकतींसाठी काही दिवस मिळतात आणि त्यानंतर अंतिम यादी येते. तात्पुरत्या यादीत मुलाच्या नावासमोर प्रवर्ग, होम युनिव्हर्सिटी आणि ईडब्ल्यूएस किंवा टीएफडब्ल्यूएस या शुल्कमाफीच्या जागांचा हक्क काय दाखवला आहे, ते एकेक करून तपासा. बहुतेक पालक फक्त नंबर बघतात आणि पान बंद करतात. चूक दुरुस्त करायची वेळ तीच असते. अंतिम यादी लागली की तो नंबर पक्का.

## 3. होम युनिव्हर्सिटी: मराठवाड्यात इथे सगळ्यात जास्त गैरसमज

विद्यापीठाच्या हद्दीतल्या बहुतेक कॉलेजांत राज्याच्या कोट्यातल्या 70 टक्के जागा त्या विद्यापीठाच्या मुलांसाठी आणि 30 टक्के बाहेरच्या विद्यापीठांच्या मुलांसाठी असतात. मराठवाड्यात दोन हद्दी आहेत. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येतात. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात.

होम युनिव्हर्सिटी आपल्या गावावरून ठरत नाही. दहावी-बारावी महाराष्ट्रातच झालेल्या, आपल्यासारख्या घरातल्या मुलांची होम युनिव्हर्सिटी बारावी जिथून दिली त्या ठिकाणावरून ठरते. आपल्याकडे याचा परिणाम मोठा आहे, कारण अकरावी-बारावीला निम्मा बीड आणि धाराशिव लातूरला असतो. अंबाजोगाईचा मुलगा बारावी लातूरहून झाला तर त्याची होम युनिव्हर्सिटी नांदेडची. संभाजीनगरच्या खासगी कॉलेजांत तो आता बाहेरचा, 30 टक्क्यांतला. त्याचे रेशनकार्ड, आधार, शेती सगळे बीड जिल्ह्यातले असले तरी फरक पडत नाही. तसेच बारावी पुण्यात केलेली जालन्याची मुलगी पुण्याच्या कॉलेजांत घरची ठरते आणि जालन्या-संभाजीनगरात बाहेरची.

काही कॉलेजांत ही विभागणीच नसते, तिथे जागा राज्य पातळीवर भरतात. पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय आणि आपल्या नांदेडचे श्री गुरू गोबिंदसिंगजी इन्स्टिट्यूट ही त्यातली. तिथे लातूर, पुणे, नागपूर सगळे एकाच रांगेत. म्हणून नांदेडचा मुलगा "घरचे कॉलेज आहे, थोडे कमी असले तरी लागेल" असे धरून चालला तर फसतो.

इथे अजून एक गोंधळ नेहमी होतो. मेडिकलला पूर्वी विभागवार 70:30 होते, ते राज्य सरकारने 2020 मध्ये रद्द केले. ती बातमी लक्षात ठेवून काही पालक "आता होम-बिम काही नाही" म्हणतात. ते मेडिकलचे. इंजिनिअरिंगचा होम युनिव्हर्सिटीचा नियम वेगळा आहे.

## 4. कटऑफची यादी कशी वाचायची

मागच्या वर्षीच्या प्रत्येक राऊंडची कटऑफ पीडीएफ संकेतस्थळावर असते. एका शाखेसमोर बरेच कोड दिसतात आणि पालक तिथेच गांगरतात. कोड सोपा आहे. सुरुवातीचे G म्हणजे सर्वांसाठीची जागा, L म्हणजे मुलींची राखीव जागा. मधले OPEN, OBC, SC वगैरे म्हणजे प्रवर्ग. शेवटचे अक्षर H म्हणजे होम युनिव्हर्सिटी, O म्हणजे इतर विद्यापीठ, S म्हणजे राज्य पातळी. म्हणून `GOPENH` ही ओपनची, होम युनिव्हर्सिटीतली जागा आणि `LOBCO` ही ओबीसी मुलीची, बाहेरच्या विद्यापीठाच्या कोट्यातली जागा. प्रत्येक कोडखाली दोन आकडे असतात, वरचा शेवटच्या मुलाचा मेरिट नंबर आणि कंसातला त्याचे पर्सेंटाईल.

लातूरहून बारावी झालेल्या मुलासाठी पुण्याच्या कॉलेजचा `GOPENH` बघून काही उपयोग नाही, त्याच्यासाठी `GOPENO` बघायचा. दोन्हींत फरक असतो आणि कुठला आकडा वर, हे कॉलेजगणिक बदलते. मुलगी असेल तर G आणि L दोन्ही बघा. प्रवर्ग असेल तर ओपनचाही बघा, कारण राखीव प्रवर्गातले मूल आपल्या मेरिटवर ओपनच्या जागेला पात्र असतेच.

मागच्या वर्षीचा कटऑफ हा अंदाज आहे, हमी नाही. मुलांची संख्या बदलते, जागा वाढतात, एखाद्या शाखेची ओढ अचानक वाढते. पहिल्या आणि शेवटच्या राऊंडचा कटऑफ शेजारी ठेवून बघा. जिथे फरक मोठा आहे तिथे नंतरच्या राऊंडला आशा असते.

## 5. संगणक जागा कशी देतो

आता मुख्य गोष्ट. पालकांचा हमखास प्रश्न असतो: "भाऊ, एक नंबरला मोठे कॉलेज टाकले आणि ते नाही मिळाले, तर खालचे पण हातचे जाईल ना?" नाही जाणार. का नाही, ते उदाहरणाने बघू.

समजा फक्त तीन जागा आहेत: नांदेड कॉम्प्युटर, संभाजीनगर कॉम्प्युटर आणि संभाजीनगर मेकॅनिकल. प्रत्येकी एक. आणि चार मुलं आहेत, मेरिटने अ, ब, क, ड. प्रवर्ग आणि होम युनिव्हर्सिटी तूर्त बाजूला ठेवू. त्यांच्या याद्या अशा:

- अ: नांदेड कॉम्प्युटर, संभाजीनगर कॉम्प्युटर
- ब: नांदेड कॉम्प्युटर, संभाजीनगर कॉम्प्युटर, संभाजीनगर मेकॅनिकल
- क: नांदेड कॉम्प्युटर, संभाजीनगर कॉम्प्युटर
- ड: संभाजीनगर मेकॅनिकल

संगणक मेरिटने पहिल्या मुलाकडे जातो. अ ची पहिली पसंती रिकामी आहे, त्याला नांदेड कॉम्प्युटर. मग ब. त्याची पहिली पसंती भरली, म्हणून त्याचीच दुसरी बघितली जाते. ती रिकामी आहे, मिळाली. तोपर्यंत क आणि ड यांच्या यादीला हातही लावलेला नसतो. ब ने संभाजीनगर दुसऱ्या नंबरला लिहिले आणि क ने समजा ते पहिल्या नंबरला लिहिले असते, तरीही ते ब लाच मिळाले असते, कारण ब मेरिटने पुढे आहे. कॉलेज कोणी कितव्या नंबरला लिहिले यावर दोन मुलांत निवड होत नाही. दोन मुलांमधला निर्णय मेरिट करते, एका मुलाच्या यादीतला निर्णय पसंतीक्रम करतो.

आता क. त्याच्या दोन्ही पसंती भरल्या आणि यादी संपली. त्याला या राऊंडला काहीच नाही. मग ड ला संभाजीनगर मेकॅनिकल मिळाले. क मेरिटने ड च्या पुढे होता, तरी हात रिकामे, कारण ती जागा त्याने लिहिलीच नव्हती. छोट्या यादीचे नुकसान हे असे असते.

आणि आता भीतीचा प्रकार बघा. समजा ब च्या वडिलांना कोणी सांगितले, "हमखास मिळेल ते वर टाका." त्यांनी संभाजीनगर मेकॅनिकल पहिल्या नंबरला टाकले, कॉम्प्युटर खाली. संगणक ब कडे येतो, पहिली पसंती रिकामी दिसते, तीच देतो आणि खाली बघतच नाही. संभाजीनगर कॉम्प्युटर जाते क ला, ब पेक्षा मागच्या मुलाला. पुढे वाद घालून काही होत नाही, कारण यंत्रणेने ब ने जे मागितले तेच दिलेले असते.

यावरून यादीचे दोन नियम निघतात. क्रम मनापासूनच्या आवडीचा लावायचा, मिळण्याच्या शक्यतेचा नाही. आणि यादी खाली इतकी लांबवायची की शेवटच्या काही ओळींच्या मागच्या कटऑफमध्ये आपण आरामात बसत असू.

## 6. यादी प्रत्यक्ष लावताना

फॉर्ममध्ये 300 पर्यंत पसंती टाकता येतात. तेवढ्यांची गरज कोणालाच नसते, पण दहा-बारावर थांबणेही धोक्याचे. माझी पद्धत अशी: मोठ्या कागदावर तीन भाग करा. वरच्या भागात मागच्या कटऑफपेक्षा आपण मागे आहोत, पण मिळाले तर आनंद होईल अशा जागा. मधल्या भागात आपल्या आसपासच्या. खालच्या भागात हमखास वाटणाऱ्या. प्रत्येक भागात मुलासोबत बसून क्रम लावा. मधल्या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या, बहुतेक मुलांचा नंबर तिथेच लागतो.

हा क्रम लावताना घरात खरा वाद होतो तो कॉलेज मोठे की शाखा मोठी यावर. त्याचे उत्तर कटऑफमध्ये नाही. मुलाला विचारा, "ही 14 नंबरची जागा मिळाली आणि 15 नंबरची नाही मिळाली, तर चालेल का?" प्रत्येक लागोपाठच्या जोडीला हाच प्रश्न विचारत खाली जा. उत्तर "नाही" आले की दोन्हींची अदलाबदल करा. एक दुपार जाते, पण यादी मुलाची होते. आणि चार वर्षे शिकायचे त्यालाच आहे, म्हणून नको असलेली शाखा "भरायची म्हणून" टाकू नका. यादीत आहे म्हणजे मिळू शकते.

ज्यांचे कौटुंबिक उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत आहे त्यांनी टीएफडब्ल्यूएसकडे लक्ष द्यावे. यात शिक्षण शुल्क माफ असते. त्याच कॉलेजच्या त्याच शाखेचा वेगळा चॉईस कोड असतो, त्याच्या शेवटी T असते. साधा कोड टाकला म्हणून टीएफडब्ल्यूएस आपोआप मिळत नाही, तो स्वतंत्र ओळीत टाकावा लागतो. कटऑफ साध्या जागेपेक्षा वर जातो, म्हणून T चा कोड आधी आणि त्याच्या लगेच खाली साधा कोड, असा क्रम ठेवा. उलटा टाकलात तर साधी जागा आधी मिळेल आणि फीची सवलत हुकेल.

मुलींच्या पालकांसाठी: 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही. "कॅपच्या भानगडीत कशाला पडता, आमच्याकडे थेट सीट घ्या" असे फोन जून-जुलैत येतात. त्यांना उत्तर देण्याआधी हा हिशेब करा.

यादी सेव्ह केली म्हणजे जमा झाली असे नाही. शेवटी कन्फर्म करावी लागते. कन्फर्म झाल्यावर येणारी प्रिंट काढा आणि एकाने कागद हातात धरून, दुसऱ्याने पडद्यावरून, एकेक कोड मोठ्याने वाचून ताळा करा. एका आकड्याने कॉलेज किंवा शाखा बदलते.

## 7. नंबर लागला, आता फ्रीझ की बेटरमेंट

2025-26 मध्ये चार राऊंड झाले. राऊंडला नंबर लागला की मुदतीत लॉगिन करून जागा स्वीकारायची आणि 1000 रुपये सीट अॅक्सेप्टन्स फी ऑनलाइन भरायची. स्वीकारताना दोन वाटा असतात. फ्रीझ म्हणजे हीच जागा पक्की, पुढच्या राऊंडला जायचे नाही. बेटरमेंट, म्हणजेच नॉट फ्रीझ, म्हणजे ही जागा धरून ठेवतो आणि पुढच्या राऊंडला वरचे काही मिळते का बघतो. पुढे नवीन जागा लागली तर जुनी आपोआप सुटते आणि मागे फिरता येत नाही. नवीन लागली नाही तर जुनी राहते.

म्हणून बेटरमेंटनंतरच्या यादीत हातातल्या जागेपेक्षा खरोखर जास्त आवडणाऱ्याच जागा टाका. जुनी लांब यादी तशीच पुन्हा भरू नका. हातात संभाजीनगरचे कॉम्प्युटर असताना खाली भीतीपोटी टाकलेले मेकॅनिकल लागण्याचा धोका कशाला घ्यायचा? हातातली जागा हीच तुमची हमी आहे, खालच्या भागाची आता गरज नाही.

मुदतीत काहीच केले नाही, पैसे भरले नाहीत, तर मिळालेली जागा जाते. "पुढच्या राऊंडला चांगले मिळेल, हे सोडून देऊ" असे म्हणून स्वीकारायचेच टाळणारे पालक मी पाहिले आहेत. धरून ठेवून वाट बघता येत असताना सोडून वाट बघण्यात काहीही फायदा नाही.

## 8. ऑटो फ्रीझ: इथे थांबून नीट वाचा

2025-26 च्या नियमाप्रमाणे काही पसंती मिळाल्या की जागा आपोआप फ्रीझ होते, बेटरमेंटची वाटच उरत नाही:

- पहिला राऊंड: पहिली पसंती मिळाली तर
- दुसरा राऊंड: पहिल्या तीनपैकी कुठलीही मिळाली तर
- तिसरा राऊंड: पहिल्या सहापैकी कुठलीही मिळाली तर
- चौथा राऊंड शेवटचा, जे मिळेल ते अंतिम

ऑटो फ्रीझ झालेले मूल पुढच्या कॅप राऊंडला बसू शकत नाही. म्हणूनच "हमखास मिळेल ते वर टाका" हा सल्ला पहिल्या राऊंडला दुप्पट महाग पडतो. वरच्या उदाहरणातला ब मेकॅनिकलवर नुसता अडकत नाही, बेटरमेंटची संधीही गमावतो.

दुसऱ्या राऊंडपासून वरच्या ओळी लिहिताना स्वतःला विचारा: ही जागा मिळाली आणि सगळे इथेच थांबले, तर आम्ही समाधानी आहोत का? एक उदाहरण घेऊ. मुलीच्या हातात पहिल्या राऊंडपासून लातूरच्या एका खासगी कॉलेजचे इलेक्ट्रॉनिक्स आहे, बेटरमेंटवर. तिला मनापासून हवे आहे नांदेड कॉम्प्युटर, त्याखाली नांदेड आयटी. त्यानंतर पुण्याचे एक कॉलेज, तिथे इलेक्ट्रॉनिक्स, जे हातातल्यापेक्षा बरे आहे, पण कॉम्प्युटरची आशा सोडून घ्यावे इतके नाही. घरच्यांनी दुसऱ्या राऊंडला तीनच ओळी लिहिल्या: नांदेड कॉम्प्युटर, नांदेड आयटी, पुणे इलेक्ट्रॉनिक्स. तिसरी लागली, ऑटो फ्रीझ झाली. तिसऱ्या राऊंडला नांदेडचा कटऑफ खाली आला तरी तिला तिथे जाता येणार नाही.

पुण्याची ओळ चौथ्या नंबरला असती तर ती मिळाल्यावरही बेटरमेंट निवडता आले असते. त्यासाठी तिसऱ्या नंबरला अजून एक खरी आवडती जागा हवी, उदाहरणार्थ दुसऱ्या एखाद्या चांगल्या कॉलेजचे कॉम्प्युटर, मिळण्याची शक्यता कमी असली तरी. ज्यांचा कटऑफ आपल्यापेक्षा बराच वर आहे अशा जागा वर टाकण्याचा हा दुसरा उपयोग. तिसऱ्या राऊंडला अशा सहा ओळी लागतात. पण त्या भरायच्या म्हणून नको असलेले कॉलेज वर आणू नका, कारण लागले तर तेच अंतिम.

## 9. कॉलेजला हजर होताना

जागा फ्रीझ झाली, आपण केली किंवा आपोआप झाली, की दिलेल्या तारखांत कॉलेजला जाऊन मूळ कागद दाखवून, फी भरून प्रवेश पक्का करायचा असतो. पडद्यावर "फ्रीझ" दिसते म्हणून प्रवेश झाला असे समजू नका. कॉलेजने ऑनलाइन प्रवेशाची नोंद केल्यावर मिळणारी पावती हातात घेतल्याशिवाय तिथून निघू नका. पुण्या-मुंबईचे कॉलेज असेल तर मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी पोहोचणारी रात्रीची गाडी धरू नका. एखादा कागद कमी निघाला तर परत यायला दिवस उरत नाही.

फी शिष्यवृत्तीतून मिळणार असेल तरी कॉलेज सुरुवातीला काय मागते, ते आधी फोन करून विचारा. प्रवर्ग आणि उत्पन्नाचे कागद दिल्यावर पूर्ण फी मागितली जात असेल, तर तसे लेखी मागा आणि तक्रार सीईटी सेलकडे नोंदवा.

चौथ्या राऊंडनंतरही नंबर लागला नाही तर कॉलेज पातळीवर रिकाम्या जागा भरतात. त्याची जाहिरात कॉलेज स्वतः देते, अर्जही तिथेच करावा लागतो आणि यादी मेरिटनेच लागायला हवी. अर्ज दिल्याची पोच घ्या आणि एकाच कॉलेजवर न थांबता रिकाम्या जागा दिसतील तिथे स्वतंत्र अर्ज करा. या टप्प्यात मधला माणूस "जागा मिळवून देतो" म्हणून रोख मागू लागला तर देऊ नका. पैसे फक्त कॉलेजच्या खात्यावर, पावती घेऊन.